पंजाबी पेशंटच्या हातात डिस्चार्ज कार्ड देताना ते त्यांच्या घरच्यांना वाचता येईल असं द्या : हायवेकाठच्या हॉस्पिटलांना खुलं पत्र

धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यातल्या हायवेलगतच्या सगळ्या हॉस्पिटलांचे डॉक्टर साहेब, मॅडम आणि मॅनेजमेंटमधले सगळे, सप्रेम नमस्कार.

मी शिरपूर-धुळे रोडवर मेडिकल चालवते. हे पत्र कुणा एका हॉस्पिटलच्या विरोधात नाहीये म्हणून नाव कुणाचंच घेत नाही, पण ज्या केसमुळे हे लिहायला बसले ती खरी आहे आणि अशी केस उद्या तुमच्यापैकी कुणाच्याही वॉर्डात घडू शकते. दरवर्षी गहू काढणीला पंजाबातून हार्वेस्टर येतात, एका मशीनसोबत ड्रायव्हर, हेल्पर अशी चार-पाच माणसं, फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या शेतांत असतात आणि पुढे निघून जातात. वर्षभर आग्रा रोडवर पंजाबी ट्रकवाले, ढाबेवाले आहेतच, शिवाय नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला जाणारे यात्रेकरू भुसावळ, जळगाव, मनमाड करत जातात. म्हणजे पंजाबी माणूस खान्देशात आजारी पडणं यात नवल काहीच नाही, आणि तुम्ही त्यांना बरंही करता, त्याबद्दल माझी तक्रार अजिबात नाही. तक्रार आहे ती शेवटच्या दिवशी हातात जो कागद दिला जातो त्याबद्दल.

आपल्या पेशंटला डिस्चार्ज देताना वॉर्डातल्या सिस्टर अहिरानीत समजावतात, "सकायले एक गोयी, रातले एक," आणि म्हातारी मान डोलावते, कारण तिला समजलेलं असतं. कागद इंग्रजीत असला तरी ते तोंडी सांगणं आपल्या माणसाला तारून नेतं. पंजाबी पेशंटचं काय होतं? त्याला हिंदीत घाईघाईनं सांगतात, ऐकतो सोबतचा हेल्पर, आणि गोळ्या देणार असते हजार-बाराशे किलोमीटरवर बसलेली बायको नाहीतर आई, जी त्या वॉर्डात नसतेच. मी हॉस्पिटलला फोन करून विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "त्यांना हिंदी येतं ना." बोलायला येतं हो. पण खेड्यातली पंजाबी बाई वाचते ती गुरुमुखी, देवनागरी अडखळत, इंग्रजी नाहीच, आणि गोळी देताना घरात कुणी बोलणारं नसतं, फक्त कागद असतो.

आता केस सांगते. हार्वेस्टरचा ड्रायव्हर, चाळिशीचा, शेतात काम चालू असतानाच उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोबडी वळली. तपासात निघालं की लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप अरुंद झालेली होती, म्हणजे रुमॅटिक हार्ट डिसीज, मायट्रल स्टेनोसिस, त्यामुळे ठोके अनियमित, त्यामुळे हृदयात गुठळी, आणि ती गुठळी मेंदूत गेली. ट्रीटमेंट चांगली झाली, माणूस चालत बाहेर पडला. अशा झडपेच्या पेशंटला रक्त पातळ ठेवायला असेनोकुमारोल किंवा वॉरफेरिन हीच जुनी औषधं देतात, नवीन रक्त पातळ करायच्या गोळ्या या प्रकारात चालत नाहीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. आणि ही जुनी औषधं म्हणजे दोरीवरची कसरत आहे. रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा टेस्टचा आकडा, म्हणजे आयएनआर, 2 ते 3 मध्ये राहिला पाहिजे, कमी झाला तर परत गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव.

कार्डावर ओळ होती : असेनोकुमारोल 2 एमजी / 3 एमजी, अल्ट डेज, एचएस. म्हणजे रोज रात्री गोळी घ्यायचीच, फक्त एका रात्री 2 ची आणि दुसऱ्या रात्री 3 ची. हेल्परनं वॉर्डातल्या मुलाला विचारलं, त्यानं हिंदीत "एक दिन छोड के" सांगितलं, हेल्परनं कार्डाच्या मागे गुरुमुखीत दोन्ही पाकिटांपुढे लिहून टाकलं "इक दिन छड के". पंजाबीत याचा सरळ अर्थ एक दिवस घ्या, एक दिवस सोडा. चूक कुणाची म्हणाल? "अल्ट डेज" या दोन शब्दांत दोन्ही अर्थ बसतात, ज्याला औषध माहितीये त्याला कळतं, वॉर्डबॉयला कसं कळणार.

घरी बायकोनं काय केलं, तर 2 ची पट्टी आधी संपवायची आणि मग 3 ची उघडायची असं समजून एक दिवसाआड 2 ची गोळी दिली. हिशेब करा. 14 दिवसांत पोटात जायला पाहिजे होतं सात वेळा 2 आणि सात वेळा 3, म्हणजे 35 एमजी. गेलं सात वेळा 2, म्हणजे 14 एमजी. निम्म्याहून कमी. त्यातही असेनोकुमारोल शरीरातून लवकर निघून जाणारं औषध आहे, एक दिवस चुकला की त्याचा असर लगेच उतरायला लागतो. आणि बाई बिचारी अगदी शिस्तीत देत होती, कॅलेंडरवर फुल्या मारून, एकही फुली चुकली नव्हती. काळजी घेणाऱ्यानं कितीही जीव तोडला तरी कागद चुकीचा असला तर तो जीव चुकीच्या कामी जातो, हे मला त्या कॅलेंडरच्या फोटोत दिसलं आणि खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही.

कार्डावर पुढची ओळ, डिगॉक्सिन 0.25 एमजी अर्धी गोळी, ओडी, 5/7. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, आणि 5/7 असं आपल्याकडे हृदयाचे डॉक्टर लिहितात म्हणजे आठवड्यातले पाच दिवस द्या, दोन दिवस सुट्टी, कारण हे औषध साठत जातं. पण हेच 5/7 इंग्लंडच्या पद्धतीनं वाचलं तर "पाच दिवसांसाठी" होतं, कुणाला ते 5 जुलै वाटेल, आणि आपल्या हेल्परनं लिहिलं होतं "पंज तों सत्त दिन", म्हणजे पाच ते सात दिवस. सातव्या दिवशी डिगॉक्सिन बंद झालं. त्यानंतर धाप लागायला लागली, छातीत धडधड, घरच्यांना वाटलं अशक्तपणा आहे म्हणून दूध-तूप वाढवलं. उलटं झालं असतं, म्हणजे रोज दिलं असतं, तर मळमळ, उलट्या, पिवळं दिसणं असं विषासारखं चढू शकलं असतं, विशेषतः किडनी कमजोर असेल तर. एका तिरप्या रेघेवर हे सगळं अवलंबून आहे डॉक्टर साहेब.

आजाराचं नाव. हेल्परनं लिहिलं "दौरा". पंजाबीत दौरा हार्ट अटॅकलाही म्हणतात आणि फिट येण्यालाही, अर्धांगाला वेगळा शब्द आहे, अधरंग. तिथल्या गावच्या डॉक्टरनं दौरा वाचलं, फिट समजला आणि फिटच्या गोळ्या सुरू करायच्या विचारात होता. फिटवरची काही औषधं, जशी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, या रक्त पातळ करणाऱ्या गोळीशी भांडतात, आयएनआर इकडचा तिकडे करतात. नशीब त्यानं आधी फोन करायला सांगितलं.

फोन मला आला कारण पहिली औषधं माझ्याकडून गेली होती आणि बिलावर नंबर होता. "दीदी, आज गोली देनी है या कल?" एवढाच प्रश्न होता बहेनजीचा. मी म्हटलं, "रोज देनी है बहेनजी, रोज," आणि पलीकडे एकदम शांत झालं. मग फोटो मागवले, कार्डाचे दोन्ही बाजूंचे, पट्ट्यांचे, किती गोळ्या उरल्या ते मोजायला लावलं, आणि 3 ची पट्टी जशीच्या तशी बघून प्रकार लक्षात आला. डोस मी माझ्या मनानं बदलला नाही, ते माझं काम नाही, त्यांना त्याच दिवशी जवळच्या लॅबमध्ये आयएनआर करायला पाठवलं आणि इकडे तुमच्यातल्याच एका डॉक्टरांशी जोडून दिलं. आयएनआर आला 1.2. नाडी 130 च्या घरात. दुसरा झटका आला नाही हे त्या घराचं नशीब.

आयएनआर दोन आठवडे झालाच का नव्हता? कार्डावर लिहिलं होतं "रिव्ह्यू आफ्टर 1 वीक विथ पीटी/आयएनआर". त्यांना वाटलं, परत तुमच्याच ओपीडीला यायचं. इतक्या लांब, अर्धांगातून उठलेल्या माणसाला घेऊन कसं येणार, म्हणून पुढच्या वेळेस मशीन तिकडे जाईल तेव्हा जाऊ असं ठरवून टाकलं. ही टेस्ट कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होते आणि रिपोर्ट फोनवर दाखवता येतो, हे एक वाक्य कुणी लिहिलं नव्हतं.

आणि भाज्यांचं. "अव्हॉइड ग्रीन लीफी व्हेजिटेबल्स" याचं झालं "हरी सब्जी बंद", मग भेंडी, दुधी, मटार, सगळंच बंद, माणूस डाळ-रोटीवर. खरं तर सरसों, पालक, मेथी अशा पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं म्हणून त्यांचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं, कधी ढीगभर साग आणि कधी शून्य असं करायचं नाही, एवढंच सांगायचं असतं. पंजाबी घरात हिवाळ्यात साग रोज शिजतो, तिथं नुसतं "बंद" लिहून ते पाळलं जाणार नाही, आणि पाळलं गेलंच तर हिवाळ्यात परत सुरू झाल्यावर आयएनआर खाली येईल.

हे वाचून तुम्ही म्हणाल की मग एखाद्या पंजाबी माणसाकडून ट्रान्सलेट करून घेतो, झालं. तसं नाही होणार. इथेच थोडं सविस्तर लिहिते कारण त्या केसनंतर आम्ही ढाब्यावरच्या भाभीजींना घेऊन बसलो आणि कार्ड नीट गुरुमुखीत उतरवायचा प्रयत्न केला, तेव्हा कळलं की अडचण पंजाबीत कमी आणि मूळ कागदातच जास्त आहे. भाभीजी विचारायच्या "हे म्हणजे नेमकं काय" आणि मला डॉक्टरांना फोन करावा लागायचा. कारण संक्षिप्त लिहिलेलं ट्रान्सलेट होत नाही, आधी ते उलगडून पूर्ण वाक्यात लिहावं लागतं, आणि ते उलगडणं डॉक्टरचं काम आहे, ट्रान्सलेटरचं नाही.

उदाहरण म्हणून तीच गोळी घ्या. "एका आड एक दिवस 2 आणि 3" याला मी म्हटलं वार लिहू, सोपं पडेल. पण आठवड्याला दिवस सात, विषम. सोमवारी 3, मंगळवारी 2 असं करत गेलं की रविवारी 3 येतं आणि सोमवारी परत 3. सम-विषम तारखा धराव्या तर 31 नंतर 1 येते, दोन्ही विषम. म्हणून डॉक्टरांनीच ठरवून द्यावं लागलं : सोमवार, बुधवार, शुक्रवार 3 ची, बाकी चार दिवस 2 ची. आठवड्याचे झाले 17, आधीच्या सरासरीनं 17.5 होत होते, एवढा फरक चालेल का ते त्यांनी सांगितलं आणि सही केली. हा निर्णय भाभीजींनी घ्यायचा नव्हता, मीही नाही. मग तक्ता असा झाला की बहेनजीला वाचण्यापेक्षा नुसतं बोट फिरवायचं : वार, रात्रीच्या जेवणानंतर, कुठली पट्टी, किती गोळ्या. डिगॉक्सिनला पण तसंच, सोमवार ते शुक्रवार अर्धी गोळी सकाळी, शनिवार-रविवारच्या चौकटीत लिहिलं "नहीं देणी". रिकामी चौकट ठेवायची नाही, रिकामी चौकट म्हणजे लिहायचं राहिलं असंही वाटू शकतं.

आकडे पट्टीवर जसे छापलेत तसेच ठेवले, 1 2 3 वाले. गुरुमुखीचे आकडे वेगळे आहेत, तिचा एक बघितला तर इंग्रजी नऊसारखा दिसतो. आणि एक सांगते, गुरुमुखी आपल्याला वाचता येते असं समजून कुणी तपासायला बसू नका, तिच्यातला स आपल्या म सारखा दिसतो, आपण आत्मविश्वासानं चुकीचं वाचतो. औषधाचं नाव पट्टीवरचं इंग्रजी कॅपिटलमध्ये जसंच्या तसं, शेजारी गुरुमुखीत उच्चार, म्हणजे पट्टी आणि कागद जुळवून बघता येतो आणि तिथल्या मेडिकलवाल्यालाही कळतं. आजाराचं इंग्रजी नावही काढून टाकलं नाही, पुढच्या डॉक्टरला तेच लागतं, खाली साध्या पंजाबीत लिहिलं की हृदयाची झडप अरुंद आहे, तिथून गुठळी मेंदूत गेली आणि अधरंग झाला, हा हार्ट अटॅक नाही, फिट नाही. "कल्ह" कुठंच वापरलं नाही, तो शब्द पंजाबीत उद्यालाही चालतो आणि कालच्यालाही, सगळीकडे तारीख आणि वार.

तपासणी मात्र नुसती वाचून केली नाही. ढाब्यावर थांबलेल्या एका ट्रकवाल्या पाजींना, ज्यांनी इंग्रजी कार्ड पाहिलंच नव्हतं, तो कागद दिला आणि विचारलं, "मंगळवारी रात्री काय द्याल? शनिवारी सकाळी काय? शौचाला काळी झाली तर काय कराल?" पहिल्या खेपेला पाजी एका ठिकाणी अडले, "दवाई घट-वध हो सकदी है" असं आम्ही लिहिलं होतं, त्यांना वाटलं तब्येत बघून आपणच कमी-जास्त करायची. ते काढलं आणि लिहिलं की आयएनआरची चिठ्ठी बघून फक्त डॉक्टर बदलतील, आणि हा तक्ता अमुक तारखेच्या टेस्टपर्यंतच, त्यानंतर नवीन चिठ्ठी खरी. ही ओळ राहिली असती तर सहा महिन्यांनी पण कुणीतरी हाच जुना तक्ता बघून गोळ्या देत राहिलं असतं, कारण या औषधाचा डोस बदलतच राहतो.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत.

डिस्चार्ज कार्डावर "अल्ट डेज", "5/7", "एचएस", "ओडी", "एसओएस" हे घरी जाणाऱ्या प्रतीवर लिहिणं बंद करा, सगळ्याच पेशंटांसाठी. डॉक्टरांच्या आपसातल्या प्रतीवर हवं ते लिहा.

पंजाबी पेशंटला गुरुमुखी प्रत द्या, इंग्रजी कार्डाला पिन मारून, दोन्हीवर तीच तारीख आणि डॉक्टरांची सही. त्यात वारांचा तक्ता, गोळी कशासाठी, कधीपर्यंत, आणि आधीची कुठली गोळी बंद केली ते. बंद केलेल्या गोळ्या तुम्ही लिहीतच नाही, घरी मात्र त्या डब्यात पडलेल्या असतात. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारखी गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही हे या औषधासोबत लिहिलंच पाहिजे, शेतकरी माणूस पहिली तीच घेतो.

फॉलोअपमध्ये तारीख, वार, टेस्टचं नाव, ती त्यांच्या जवळच्या लॅबमध्ये चालेल हे वाक्य, आयएनआर किती पाहिजे, आणि रिपोर्ट दाखवायला एक चालू नंबर. धोक्याच्या खुणा वेगळ्या चौकटीत : तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा, बोबडी, काळी शौच, लघवीत रक्त, न थांबणारं नाकातलं रक्त, डोक्याला मार. पुढे फक्त "लगेच जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, हा कागद सोबत".

डिस्चार्जच्या आधी घरच्या माणसाला व्हिडिओ कॉल लावा. समजलं का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा की मंगळवारी रात्री कुठली गोळी देणार, आणि त्यांनी पट्टी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली पाहिजे.

आणि हेल्पर, वॉर्डबॉय, शेजारच्या बेडवरचा पेशंट यांच्याकडून ट्रान्सलेट करून घेऊ नका. नेहमी लागणारी वाक्यं फार नसतात, तीच तीच येतात, ती एकदा पंजाबी जाणणाऱ्या डॉक्टर किंवा फार्मासिस्टकडून तपासून छापून ठेवा, मग तक्ता भरणं एवढंच उरतं. खर्चाचा मुद्दा काढू नका, खर्च कागदाचा आहे.

हे मी उपकार म्हणून मागत नाहीये. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं 2019 मध्ये राज्यांना पाठवलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत पेशंटला त्याच्या भाषेत, त्याला समजेल अशी माहिती मिळणं हा हक्क म्हटलाय, आणि हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या नियमांतही डिस्चार्ज समरीतल्या औषधांच्या आणि फॉलोअपच्या सूचना समजतील अशाच लिहायच्या आहेत. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या रिसेप्शनवर ही सनद फ्रेम करून लावलेली मी स्वतः पाहिलीये.

कुणी म्हणेल ट्रान्सलेशनमध्ये चूक झाली तर जबाबदारी कुणाची. आज जी चूक होतेय ती कार्डाच्या मागच्या बाजूला, पेनानं, कुणाच्याही सहीशिवाय होतेय, आणि ती तुम्हाला दिसतसुद्धा नाही. सही असलेला, तपासलेला कागद यापेक्षा सुरक्षितच असेल. शंका आली तर इंग्रजी प्रत बघा आणि फोन करा, असं खाली छापता येतं.

आमचा तक्ता, त्या पेशंटची ओळख काढून टाकून, माझ्या दुकानात आहे. भाभीजी वाक्यं वाचून द्यायला तयार आहेत, पण डॉक्टरी तपासणी तुम्हीच करायची. हार्वेस्टर फेब्रुवारीत परत येतील. त्याआधी, डिसेंबरअखेरपर्यंत, प्रत्येक हॉस्पिटलनं आपल्याकडे गुरुमुखी प्रत मिळणार की नाही आणि ती कुणाच्या सहीनं मिळणार हे रिसेप्शनवर लिहून लावावं. जे लावणार नाहीत त्यांना मी परत लिहीन, तेही असंच सगळ्यांसमोर.

आपली,
शिरपूर-धुळे रोडवरची एक मेडिकलवाली